ढकलल्यावर फिरणारा पंखा

नागपुरातला मे महिना, भर दुपार. गच्चीवर बसवलेल्या दीड टनाच्या साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या स्प्लिट एसीच्या आउटडोअर युनिटमधून नुसता गुणगुणाट येतोय, पण पंखा जागचा हलत नाही. खाली खोलीत कोमट हवा. कॉइलमधली उष्णता बाहेर फेकायला पंखाच नसल्याने गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याच्यावरचा ओव्हरलोड त्याला बंद करतो. अशा पंख्याच्या पात्याला काडीने जरासं ढोसलं तर तो गरगर फिरायला लागतो. उलट दिशेने ढोसलं तर उलटाही फिरतो! (जाळीत काडी घालून हे करून पाहू नये, पाती बोटांची गय करत नाहीत.)

एकाच मोटरला दोन्ही दिशा सारख्याच कशा चालतात? घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ती एका वाइंडिंगमधून गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं खरं, पण ते एकाच रेषेत पुढे-मागे होत राहतं, फिरत नाही. गणिताने पाहिलं तर अशा क्षेत्राचे दोन समान भाग पडतात, एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे. उभ्या रोटरला दोघेही सारख्याच जोराने ओढतात, म्हणून तो मध्येच अडकून गुणगुणतो. एकदा का तो एका बाजूला कलला की त्या बाजूची ओढ वाढते.

गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये तुरीन शहरात दाखवून दिलं की एकमेकांपासून काटकोनात ठेवलेल्या दोन वाइंडिंगमध्ये वेळेने मागे-पुढे असलेले प्रवाह सोडले, की खरोखरच फिरणारं क्षेत्र मिळतं. आपल्या पंख्यात दुसरं वाइंडिंग आहे, पण वेळेतला हा फरक कोण पाडणार? ते काम कपॅसिटर करतो. त्याच्यामुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या जवळपास पाव आवर्तन पुढे धावतो. पाव आवर्तन म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. एवढ्याशा आघाडीवर पंख्याची दिशा ठरते.

या कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के, ४५० व्होल्ट एसी असं काहीसं छापलेलं असतं. आत पॉलिप्रॉपिलीनची काही मायक्रोमीटर जाडीची फिल्म गुंडाळलेली असते आणि तिच्यावर झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. फिल्म सहा मायक्रोमीटरची धरली, तर २.५ मायक्रोफॅरडसाठी पाऊण चौरस मीटरभर पृष्ठभाग समोरासमोर यावा लागतो, आणि तो सगळा मुठीत मावेल अशा डबीत बसतो. फिल्ममध्ये कुठे कमकुवत जागी ठिणगी पडली तर तिच्या भोवतीचा धातू क्षणार्धात वाफ होऊन उडून जातो. ती जागा आपोआप वेगळी पडते आणि कपॅसिटर पुढे काम करत राहतो. स्वतःची जखम स्वतः भरणारी ही वस्तू मला त्या अख्ख्या युनिटमध्ये सर्वांत विलक्षण वाटते. पण अशा प्रत्येक दुरुस्तीत थोडा पृष्ठभाग कायमचा जातो. आत शिरलेली दमट हवाही धातूचा थर कुरतडते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत हे सगळं भरभर घडतं. म्हणून हा कपॅसिटर बहुतेक वेळा फुटत नाही, झिजत झिजत लहान होतो. प्रवाहाला पुढे ढकलण्याची त्याची ताकद घटते आणि एके दिवशी पंखा उठत नाही.

तपासायला हात घालण्याआधी वीज पूर्ण तोडायची. रिमोटने बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. त्या एसीची एमसीबी खाली करायची, कुणी चुकून वर करणार नाही याची सोय करायची आणि झाकण काढल्यावर टर्मिनलपाशी वीज नाही हे मीटरने पाहायचं. युनिट भिंतीबाहेरच्या ब्रॅकेटवर लटकलेलं असेल तर ही दुरुस्ती स्वतः करूच नये.

तरीही कपॅसिटर भरलेला असू शकतो. वीज नेमक्या ज्या क्षणी तुटते, त्या क्षणाचा दाब त्याच्यात अडकतो. २३० व्होल्टच्या लाइनचं शिखरच ३२५ व्होल्टचं असतं आणि चालत्या मोटरच्या कपॅसिटरवर त्याहून जास्त दाब येऊ शकतो. एरवी मोटरच्या वाइंडिंगमधून तो आपोआप रिकामा होतो. पण वाइंडिंग तुटलं असेल किंवा वायर निसटली असेल, तर ती वाटच बंद होते. म्हणजे बिघडलेल्या युनिटमध्येच धोका जास्त. शेजारी कॉम्प्रेसरचा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर असतो, त्याचा झटका अधिक घातक, म्हणून तोही रिकामा करायचा.

बरेच जण स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडतात. तेव्हा निमिषभर शेकडो अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो आणि फिल्मच्या कडेचा नाजूक जोड उखडतो, म्हणजे चांगला कपॅसिटरही तपासताना बिघडतो. त्याऐवजी २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा जोडायच्या, हातात रबरी मोजे घालायचे आणि क्लिपा दोन्ही टर्मिनलना लावायच्या. ४०० व्होल्टलाही यातून फक्त ०.०२ अँपिअर जातो. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दर सेकंदाला सुमारे दोन-तृतीयांश रिकामा होतो, पाच सेकंदांत एक टक्काही उरत नाही. दहा सेकंद धरलं की पुरे. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून शून्याजवळ आकडा येतोय ना, हे पाहिल्याशिवाय टर्मिनलला बोट लावायचं नाही. एकाच डबीत दोन्ही कपॅसिटर असतील तर वर `C`, `FAN`, `HERM` लिहिलेलं असतं. तिथे `C` आणि `FAN`, तसंच `C` आणि `HERM` या दोन्ही जोड्या वेगवेगळ्या रिकाम्या कराव्या लागतात.

आता फोनने वायरींचा फोटो काढायचा आणि वायरी सोडवायच्या. जोडलेल्या असतानाच मोजलं तर मीटर वाइंडिंगही मोजतो आणि आकडा भलताच येतो. समजा, मीटरवर १.७ मायक्रोफॅरड आलं. छापलेल्या २.५ ला पाच टक्के सूट दिली तर २.३८ ते २.६२ पर्यंत चालतं. इथे जवळजवळ तिसरा हिस्सा गेलाय, कपॅसिटर बदलायलाच हवा. डबी फुगलेली असेल किंवा तिच्यातून तेल गळत असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेच हवेत. जास्त घेतले तर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह वाढतो आणि मोटर तापते. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि ते एसीचे हवेत, डीसीचे नव्हे. कपॅसिटरला उलट-सुलट बाजू नसते. पण जुन्याच्या एका टोकावर ज्या वायरी एकत्र होत्या, त्या नव्यावरही एकत्रच राहिल्या पाहिजेत, त्यासाठीच तो फोटो. पट्टी घट्ट करून वायरी पात्यापासून दूर बांधायच्या. वीज बंद असतानाच पातं बोटाने फिरवून पाहायचं. जड फिरत असेल तर दोष बेअरिंगचा असतो.

एमसीबी वर केल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटांनी सुरू होतो. पंखा धक्क्याविना उठला आणि हवा जाळीतून बाहेर येऊ लागली, की जोडणी बरोबर. तरीही गुणगुणतच राहिला तर पुन्हा वीज तोडून, कपॅसिटर रिकामा करून मोटरच्या वाइंडिंगचे ओहम मोजायचे. एखादं वाइंडिंग तुटलेलं निघालं तर नव्या कपॅसिटरचा उपयोग नाही, मोटरच बदलावी लागते.