शून्य वॅटचा सोर्स आणि अर्धा अँपिअर

एका सर्किटमध्ये चार सोर्स आहेत. त्यातल्या १८ व्होल्टच्या सोर्समधून प्रत्यक्षात काहीच करंट वाहत नाही, म्हणजे तो शून्य वॅट देतो. तरीही हिशेब मांडला की शेजारच्या शाखेतल्या ३ अँपिअरपैकी अर्धा अँपिअर त्याच्या नावावर निघतो. हे कसं, ते पाहताना सुपरपोझिशनची पद्धत आपोआप उलगडते. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलं ही पद्धत परीक्षेपुरती घोकतात, आणि तिच्यातली खरी गंमत तिथेच हुकते.

आधी सर्किट डोळ्यांपुढे आणू. वर एक जोड, त्याला क म्हणू. खाली एक समाईक तार. या दोघांच्या मध्ये पाच शाखा उभ्या आहेत. पहिलीत १२ व्होल्टचा सोर्स आणि त्याला जोडून ४ ओहमचा रेझिस्टर. दुसरीत फक्त ६ ओहमचा रेझिस्टर. यातला वरून खाली जाणारा करंट आपल्याला काढायचा आहे. तिसरीत १८ व्होल्टचा सोर्स आणि १२ ओहम. या दोन्ही सोर्सची अधिक बाजू क कडे आहे. चौथ्या शाखेत ६ अँपिअरचा करंट सोर्स क मध्ये करंट ढकलतो, तर पाचव्या शाखेतला १.५ अँपिअरचा करंट सोर्स क मधून करंट खाली ओढून घेतो.

व्होल्टेज सोर्स म्हणजे कितीही करंट वाहो, आपलं व्होल्टेज न सोडणारा. करंट सोर्स म्हणजे टोकांवर कितीही व्होल्टेज येवो, आपला करंट न सोडणारा. असे आदर्श सोर्स दुकानात मिळत नाहीत, पण भरलेली बॅटरी पहिल्याच्या आणि एलईडी दिव्याचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या बराच जवळ जातो.

सुपरपोझिशन सांगतं की एका वेळी एकच सोर्स चालू ठेवा, बाकीचे शून्य करा, शाखेतला करंट काढा आणि शेवटी सगळे करंट चिन्हांसकट मिळवा. घोळ होतो तो ‘शून्य करा’ या शब्दांत. शून्य व्होल्टचा सोर्स म्हणजे दोन टोकांत फरकच नाही, म्हणजेच सरळ तार. शून्य अँपिअरचा सोर्स म्हणजे करंटला वाटच नाही, म्हणजेच तुटलेली शाखा. म्हणून व्होल्टेज सोर्सच्या जागी तार लावायची आणि करंट सोर्सची शाखा उघडी सोडायची. (हे कागदावरचं झालं. टेबलावर प्रयोग करताना चालू बॅटरीच्या टोकांवर तार टाकू नये; बॅटरी काढून तिच्या जागी तार लावावी.)

आता एकेक सोर्स घेऊ. १२ व्होल्ट एकटा असताना त्याच्यापुढे आधी ४ ओहम येतो आणि नंतर समांतर जोडलेले ६ आणि १२ ओहम. ही समांतर जोडी ४ ओहमची होते, म्हणून एकूण ८ ओहम आणि करंट १.५ अँपिअर. त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे १ अँपिअर, ६ ओहममधून खाली जातो. १८ व्होल्ट एकटा असताना एकूण रोध १४.४ ओहम होतो, सोर्समधून १.२५ अँपिअर निघतो आणि त्यातला ०.५ अँपिअर आपल्या शाखेत येतो. करंट सोर्सचं काम आणखी सोपं आहे. तिन्ही रेझिस्टर समांतर येतात आणि मिळून २ ओहम होतात. ६ अँपिअरमुळे क वर १२ व्होल्ट येतात, म्हणून ६ ओहममध्ये २ अँपिअर. १.५ अँपिअरचा सोर्स करंट ओढून घेत असल्याने क उणे ३ व्होल्टवर जातो, म्हणून उणे ०.५ अँपिअर.

बेरीज: १ अधिक ०.५ अधिक २ वजा ०.५, म्हणजे ३ अँपिअर. त्यामुळे क चं व्होल्टेज ३ गुणिले ६, १८ व्होल्ट.

इथे तिसरी शाखा पाहा. तिच्या दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट आहेत, म्हणून १२ ओहममधून करंट शून्य. मग त्याचा अर्धा अँपिअर आला कुठून? बाकीचे तिघे मिळून क ला १५ व्होल्टवर नेतात. १८ व्होल्टच्या सोर्सच्या जागी तार असती, तर या १५ व्होल्टमुळे १२ ओहममधून १.२५ अँपिअर खाली निसटला असता. सोर्स स्वतः नेमका तेवढाच १.२५ अँपिअर वर ढकलतो, म्हणून निसटणं थांबतं आणि वाचलेल्या करंटमधला अर्धा अँपिअर ६ ओहमच्या वाट्याला येतो. हा फरक ‘सोर्स आहे’ आणि ‘सोर्सच्या जागी तार आहे’ यांच्यातला आहे. ती शाखा सरळ कापून टाकली, तर ६ ओहममधला करंट ३ अँपिअरच राहतो. म्हणूनच सुपरपोझिशनमधल्या वाट्यांना प्रत्यक्ष वाहणाऱ्या करंटचे तुकडे समजू नये. ते हिशेबातले वाटे आहेत.

हे वाटे मिळवता येतात, कारण ओहम आणि किरचॉफ यांच्या नियमांत व्होल्टेज आणि करंट साधे, पहिल्या घातात येतात. हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये हे तत्त्व मांडलं, तेव्हा त्याच्यासमोर प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचे प्रयोग होते. सर्किटमध्ये डायोड आला की ही मोकळीक संपते.

पॉवरला मात्र ही मोकळीक कधीच नव्हती, कारण तिच्यात करंटचा वर्ग येतो. ६ ओहममध्ये चार वाट्यांची पॉवर वेगवेगळी काढली तर ६, १.५, २४ आणि १.५ वॅट मिळतात, बेरीज ३३. खरी पॉवर ३ चा वर्ग गुणिले ६, म्हणजे ५४ वॅट. म्हणून पॉवरचा ताळा शेवटच्या, एकत्रित आकड्यांवरच करायचा.

तो असा. ६ अँपिअरचा सोर्स १८ व्होल्टवर १०८ वॅट देतो. १.५ अँपिअरचा सोर्स २७ वॅट खातो. १२ व्होल्टच्या सोर्समध्ये क कडून उलटा १.५ अँपिअर शिरतो, म्हणजे तो बॅटरी असेल तर चार्ज होतोय आणि १८ वॅट घेतोय. १८ व्होल्टवाला शून्य. सोर्सकडून निव्वळ ६३ वॅट. रेझिस्टरमध्ये ४ ओहमचे ९, ६ ओहमचे ५४ आणि १२ ओहमचा शून्य, तेही ६३.

शेवटच्या बेरजेत उणे ०.५ चं अधिक ०.५ झालं असतं, तर करंट ४ अँपिअर आणि क २४ व्होल्टवर आला असता. तेव्हा सोर्सकडून ६३ वॅट आणि रेझिस्टरमध्ये १३५ वॅट निघतात, म्हणजे चूक लगेच उघडी पडते. पण एका चुकीपुढे हा ताळा आंधळा आहे. पाचव्या शाखेतला बाण मुळातच उलटा वाचला आणि शेवटपर्यंत उलटाच धरला, तर तो सोर्स ३६ वॅट खाण्याऐवजी देतो आणि दोन्हीकडे १३५ वॅट जुळतात. कारण उत्तर बरोबरच असतं, फक्त ते दुसऱ्या सर्किटचं. तेवढ्यासाठी ताळ्याआधी आकृतीतले बाण आणि अधिक-उणे खुणा पुन्हा एकदा बोट ठेवून पाहाव्या लागतात.