काटा, सेंटर आणि चावीची खाच

सकाळी ७

पाळी सातला सुरू होते. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये पंपाचे शाफ्ट बनतात आणि ग्राइंडरवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट बेंच सेंटरवर तपासायचं काम माझं. पहिली पंधरा-वीस मिनिटं जातात पुसण्यात. सेंटरची ६० अंशांची टोकं, मॅग्नेटिक स्टँडचा तळ, डायलचा टिप्पा, सगळं कोरड्या कापडाने. मग ग्राइंड केलेलं मँड्रेल दोन सेंटरमध्ये धरून फिरवते. काटा एका मायक्रॉनच्या वर हलता कामा नये. हलला तर कुठेतरी ढिलाई आहे, आणि ती सापडेपर्यंत एकही जॉब घेत नाही.

बेंच सेंटरचे दोन्ही सेंटर स्थिर असतात, ते जॉबबरोबर फिरत नाहीत. म्हणून काट्यावर फेऱ्यागणिक जे वरखाली दिसतं ते जॉबचंच असतं. त्यात सेंटरमधल्या दोषाची भर पडत नाही. फक्त टेलस्टॉकचा दाब नेमका हवा. सैल ठेवला तर एकच जागा दोनदा मोजून दोन वेगळी उत्तरं येतात, आवळला तर सडपातळ शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो.

सकाळी ८

रात्रपाळीचे शाफ्ट एव्हाना गार झालेले असतात. ग्राइंडरवरून नुकताच उतरलेला, एका अंगाने गरम असलेला शाफ्ट मी घेत नाही.

आमच्या शाफ्टवर तीन जागा महत्त्वाच्या. ए आणि बी या बेअरिंगच्या सीट, त्यांच्यात ३०० मिमी अंतर. बीच्या पुढे १५० मिमीवर सी, म्हणजे इम्पेलरची सीट, जी बेअरिंगच्या बाहेर लोंबती राहते. डायल सीटवर टेकवायचा, शाफ्ट हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा, काट्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान नोंद बघायची. त्यांच्यातला फरक म्हणजे टीआयआर.

आता समजा ४० मिमी व्यासाची सीट पक्की गोल आहे, पण तिचं केंद्र सेंटरच्या अक्षापासून ५ मायक्रॉन सरकलेलं आहे. मग अक्षापासून एका बाजूचा पृष्ठभाग २०.००५ मिमीवर येतो आणि समोरचा १९.९९५ वर. काटा १० मायक्रॉन फिरतो. सरकलेलं अंतर पाचच, पण ते काट्याला दोनदा दिसतं, एकदा जवळ येताना आणि एकदा लांब जाताना. म्हणून उत्केंद्रता म्हणजे टीआयआरची निम्मी.

लिव्हर डायल लावताना त्याचा टिप्पा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवावा लागतो. तो ३० अंश कलला, तर खऱ्या ३५ मायक्रॉनला काटा ४० दाखवतो.

सकाळी ९.३०

एका शाफ्टच्या बी सीटवर टीआयआर ६ आली. निम्मं केलं तर उत्केंद्रता ३. पण मी काटा नुसता टोकांना बघत नाही, फेऱ्याचे आठ भाग करून प्रत्येक ठिकाणची नोंद लिहिते. ती अशी आली: ०, ३, ६, ३, ०, ३, ६, ३. एका फेऱ्यात काटा दोनदा चढला आणि दोनदा उतरला. केंद्र सरकलं असतं तर एकदाच चढला असता आणि बरोबर अर्ध्या फेऱ्याने उतरला असता. इथे समोरासमोरच्या नोंदी सारख्याच आहेत, त्यांची वजाबाकी शून्य. म्हणजे केंद्र जागेवर आहे आणि सीट अंडाकार आहे. मायक्रोमीटर लावला तर दोन आडव्या-उभ्या व्यासांत १२ मायक्रॉनचा फरक निघाला. दोष खरा आहे, पण तो उत्केंद्रतेचा नव्हे, आणि त्याचा इलाज वेगळ्या ठिकाणी होतो.

मायक्रोमीटरला न दिसणारा प्रकारही आहे. तीन उंचवटे असलेली सीट कुठूनही मोजा, व्यास सारखाच भरतो, कारण उंचवट्यासमोर खळगा येतो. सेंटरवर मात्र काटा फेऱ्यात तीनदा चढतो आणि ती पकडली जाते. समोरासमोरची वजाबाकी इथे मात्र फसवते. म्हणून आधी चढ मोजायचे, मगच निम्मं करायचं.

सकाळी ११

आजचा पहिला अडलेला शाफ्ट. शॉपचा नियम असा की सेंटरवर प्रत्येक सीट १० मायक्रॉनच्या आत हवी. याच्या ए सीटवर टीआयआर २४ आली. ग्राइंडरवरचे मामा लगेच आले. "ताई, तिन्ही सीट एकाच पकडीत घासल्यात. चोवीस येईलच कशी?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. आमच्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवरही शाफ्ट स्थिर सेंटरवरच फिरतो. ज्या सेंटर होलवर घासला, त्याच होलवर मी मोजते आहे. घासल्यानंतर काही बदललं नसेल तर काटा हलायला नको. म्हणजे काहीतरी बदललं आहे.

मग मी नुसत्या टीआयआरवर न थांबता प्रत्येक सीटची दिशा घेतली. इम्पेलरच्या चावीची खाच म्हणजे शून्य अंश, तिथून फिरवत जायचं. काट्याचा माथा फार पसरट असतो, उंच जागेच्या आसपास बऱ्याच अंशांपर्यंत काटा हलतच नाही. म्हणून मी माथा शोधत नाही. काटा बरोबर मधल्या नोंदीवरून चढताना जातो ती एक खूण आणि उतरताना जातो ती दुसरी. त्या दोघींच्या मध्यावर उंच बाजू. असं केल्यावर निघालं ते असं: ए वर २४, बी वर ९, सी वर जेमतेम दीड, आणि तिन्हींची उंच बाजू एकाच दिशेला, खाचेच्या बाजूला.

सीच्या टोकाकडल्या सेंटरपासून अंतरं मोजली तर सी ३० मिमीवर, बी १८० वर, ए ४८० वर. आता टीआयआर बघा. अंतर सहापट झालं की टीआयआर सहापट, सोळापट झालं की सोळापट. सीच्या टोकाला शून्य आणि ए कडे सरळ रेषेत वाढत गेलेली. वाकलेल्या शाफ्टमध्ये असं होत नाही, तिथे मध्ये फुगवटा दिसतो. हा नमुना एकच गोष्ट सांगतो: शाफ्ट सरळ आहे, सीट एकमेकींना धरून बरोबर आहेत, ए टोकाचं सेंटर होल मात्र जागा सोडून बसतं आहे.

भिंग लावलं. होलच्या ओठाला ठेच लागून आत बारीक उठाव आला होता. क्रेटमध्ये शाफ्टवर शाफ्ट आपटला की असं होतं. मामांनी होल लॅप करून दिलं. पुन्हा मोजलं तेव्हा तिन्ही सीट ३ मायक्रॉनच्या आत. ही ठेच कोणी बघितली नसती तर चांगला शाफ्ट भंगारात गेला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे ए सीट पुन्हा घासून तिचं माप घालवलं असतं.

दुपारी १.३०

जेवणानंतर दुसरा शाफ्ट तसाच अडला. ए वर टीआयआर २०, बी वर १०, सी वर अवघी ५. पाळीतला एक जण म्हणाला, "सकाळचंच हाय हे. सेंटर पुसून घ्या, जाईल." आकडे ए कडून सीकडे उतरत होते, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं.

पण दोन्ही होल स्वच्छ आणि गुळगुळीत होती. दिशा घेतल्यावर चित्र पालटलं. ए ची उंच बाजू खाचेच्या बाजूला, बी ची नेमकी खाचेसमोर, सी ची पुन्हा खाचेच्या बाजूला. सकाळी तिन्ही एका अंगाला होत्या.

पंपात शाफ्ट सेंटरवर फिरत नाही, बेअरिंगवर फिरतो. म्हणून ए आणि बी यांच्या केंद्रांतून जाणारी रेषा हाच त्याचा खरा अक्ष. टीआयआर निम्म्या करून बघू. ए चं केंद्र खाचेकडे १० मायक्रॉन, बी चं उलट बाजूला ५. म्हणजे ३०० मिमीत रेषा १५ मायक्रॉन खाली येते. तीच रेषा पुढे १५० मिमी न्या, आणखी साडेसात उतरेल. सी जिथे आहे तिथे अक्ष खाचेच्या उलट बाजूला साडेबारा मायक्रॉनवर पोचला. सी चं केंद्र मात्र खाचेकडे अडीचवर. दोघांत अंतर १५ मायक्रॉन. बेअरिंगमध्ये बसवून फिरवला तर सी वर काटा ३० फिरेल. ड्रॉइंगमध्ये ए-बी अक्षाला धरून सी चा रनआउट २० मायक्रॉनपर्यंतच चालतो.

सेंटरवर जी सीट सर्वांत देखणी दिसली, तीच नापास.

खात्रीसाठी ए आणि बी दोन व्ही-ब्लॉकवर टेकवले, शाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून टोकाला अडसर दिला आणि सी वर डायल लावला. काटा ३० च्या आसपासच फिरला. व्ही-ब्लॉकमध्ये ए-बीच्या गोलपणातली चूकही मिसळते, त्यामुळे मायक्रॉनभर इकडेतिकडे होणारच.

कारण जॉब कार्डावर सापडलं. ए आणि बी घासून झाल्यावर खाच कापायला शाफ्ट मिलिंगला गेला, तिथून येताना दोन्ही सेंटर होल बिघडली, म्हणून लेथवर ती नव्याने काढली. सी त्यानंतर नव्या होलवर घासली. सी नव्या सेंटरशी प्रामाणिक राहिली, ए-बी जुन्याशी.

दुपारी ३

रिपोर्ट लिहिताना निम्मं करण्यावरून वाद झाला. सुपरवायझर म्हणाले, "ताई, ३० चं निम्मं १५. ड्रॉइंगवर २० आहे. बसतंय की." ही चूक मी अनेकदा ऐकते, म्हणून कागद पुढे ठेवून समजावलं. रनआउटची मर्यादा काट्याच्या पूर्ण फिरण्यावर असते, तिथे निम्मं करायचंच नाही. ड्रॉइंगवर समअक्षता लिहिली असती तरी २० हा आकडा ज्या नळीत केंद्र राहायला हवं तिच्या व्यासाचा असतो, म्हणजे केंद्र १० मायक्रॉनच सरकू शकतं. आपलं १५ सरकलं आहे. उत्केंद्रता इतकीच असं अंतर सरळ दिलं असेल तेव्हाच निम्म्याची तुलना करायची. ते पटलं.

सी चं माप पूर्ण झालेलं आहे, त्यावर घासायला धातू उरलेला नाही. ए-बीला धरून नवी होल काढून सी लहान घासायची आणि क्रोम चढवून पुन्हा मापात आणायची, एवढाच मार्ग आहे, आणि त्याला ग्राहकाची लेखी परवानगी लागते. ती येईपर्यंत शाफ्टला लाल चिठ्ठी. रिपोर्टमध्ये प्रत्येक सीटच्या टीआयआरपुढे मी खाचेपासूनचा कोनही लिहिला, कारण त्याशिवाय सी नापास का हे कोणाला कळणार नाही.

प्रोसेस शीट बनवणाऱ्यांना एक विनंती. सेंटर होल दुरुस्त केलं की त्यानंतर ए आणि बी पुन्हा तपासल्याशिवाय सी घासायची नाही, अशी ओळ त्या शीटवर टाका.