फुकटच्या विंडोजचे एकशे ऐंशी दिवस

दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींनी आपला लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. त्यांनी अकरा वर्षं माणदेशातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. सुमारे सहाशे ओव्या वर्डमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि चाळीसेक ध्वनिमुद्रणं होती. आता एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक नावापुढे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt` नावाची एक चिठ्ठी होती. फाइली परत हव्या असतील तर 980 डॉलर द्या. बहात्तर तासांत संपर्क साधलात तर निम्मे, म्हणजे 490.

गुरुजींचा पहिला प्रश्न होता, "मी तर कुठलीच भलती साइट उघडली नाही. मग हे आलं कुठून?" त्याचं उत्तर शोधताना फुकटच्या विंडोजचं सगळं यंत्रच मला उलगडून पाहावं लागलं.

मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो संगणक असतात. प्रत्येकाला वेगळी किल्ली देणं गैरसोयीचं, म्हणून मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय केली आहे. कंपनीच्या आवारातलाच एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना परवाना देतो. हा परवाना 180 दिवसांचा असतो. संगणक दर सात दिवसांनी सर्व्हरकडे जाऊन तो ताजा करून घेतो. विंडोजसाठी किमान 25 संगणक असल्याशिवाय हा सर्व्हर कामच सुरू करत नाही.

दुकानात पाचशे रुपयांत 'फॉरमॅट मारून' मिळणाऱ्या विंडोज आणि ऑफिसमध्ये बहुतेकदा याच सोयीची नक्कल असते. 'ॲक्टिव्हेटर' म्हणतात तो प्रोग्राम तुमच्याच लॅपटॉपवर एक खोटा सर्व्हर उभा करतो आणि विंडोजला सांगतो, मीच तुझी कंपनी. हे करायला त्याला संगणकाचे सर्वाधिकार लागतात आणि अँटिव्हायरस आड येतो, म्हणून तो आधी बंद करायला सांगतात. धोका नेमका इथे आहे. चोरीची विंडोज स्वतः काही करतेच असं नाही. पण ती चालू ठेवण्यासाठी पहारेकऱ्याला रजा देऊन, अनोळखी माणसाच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात.

गुरुजींच्या बाबतीत हेच घडलं. दुकानदाराने बसवलेला ॲक्टिव्हेटर पुढे एका अद्ययावतीकरणानंतर विंडोजच्या अँटिव्हायरसने पकडून काढून टाकला. नूतनीकरण थांबलं. 180 दिवस भरत आले तशी परवाना संपत असल्याची सूचना पडद्यावर येऊ लागली. गुरुजींनी दुकानात फोन केला. तिथल्या मुलाने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली आणि सांगितलं, "अँटिव्हायरस बंद करा, झिप उघडा, पासवर्ड 1234." झिपला पासवर्ड असण्याचं कारण साधं आहे: कुलूपबंद पुडक्यात काय आहे ते अँटिव्हायरसला तपासता येत नाही. सूचना गेली, विंडोज चालू झाली आणि त्याच रात्री फाइली कुलूपबंद झाल्या.

या खंडणीखोर प्रोग्रामच्या कुळाला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर पसरणं ही त्याची ओळखच आहे. एम्सिसॉफ्ट या कंपनीने 2019मध्ये त्यावर मोफत उतारा काढला. तो जुन्या प्रकारांवर चालतो. नव्या प्रकारांत मात्र चिठ्ठीतला वैयक्तिक क्रमांक `t1` ने संपत असेल तरच थोडी आशा असते, कारण तेव्हा अनेकांना एकच किल्ली वापरलेली असते. गुरुजींचा क्रमांक तसा नव्हता.

वाचलं ते विचित्र रीतीने. हा प्रोग्राम घाईत असतो, म्हणून प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबीचाच भाग बिघडवतो. वर्डच्या फाइली त्याहून लहान होत्या, त्या पूर्ण गेल्या. ध्वनिमुद्रणं एमपी3ची आणि मोठी होती. त्यांचं पुढचं शेपूट काढून, बिघडलेला भाग छाटल्यावर ती वाजू लागली. दीडशे केबी म्हणजे त्या मुद्रणातले पहिले नऊ-दहा सेकंद. ओव्या परत मिळाल्या; पण प्रत्येक बाई सुरुवातीला आपलं नाव आणि गाव सांगत असे, तेवढंच गेलं. काही नावं गुरुजींनी आठवून लिहिली. सगळी आठवली नाहीत.

अशा प्रोग्रामबरोबर पासवर्ड चोरणारेही येतात, म्हणून दुसऱ्या संगणकावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले. मग डिस्क पूर्ण पुसली.

आपल्या लॅपटॉपवर काय आहे ते पाहायचं असेल, तर स्टार्ट मेनूत `cmd` शोधून उघडा आणि हे लिहा:

```
slmgr /xpr
slmgr /dlv
```

घरच्या लॅपटॉपवर पहिल्या आज्ञेने परवाना संपण्याची तारीख दाखवली आणि दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात `VOLUME_KMSCLIENT` दिसलं, तर तो ॲक्टिव्हेटरचा खेळ समजावा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र हेच उत्तर रीतसर असू शकतं. उलट, परवाना कायमचा आहे असं उत्तर आलं म्हणून तो खराच असेल असंही नाही; काही नवे ॲक्टिव्हेटर तेही साधतात.

आता पर्यायांकडे. गुरुजींच्या लॅपटॉपखाली 'विंडोज 10 होम' असा स्टिकर होता. विंडोजसह विकलेल्या अलीकडच्या लॅपटॉपची किल्ली कारखान्यातच मदरबोर्डवर कोरलेली असते. दुकानदाराने त्यावर चोरीची 'प्रो' आवृत्ती चढवली होती, म्हणजे पैसे भरून घेतलेला परवाना झाकून पाचशे रुपयांत चोरीचा माल दिला होता. आम्ही दुसऱ्या संगणकावरून, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवली आणि आवृत्ती विचारल्यावर 'होम' निवडली. इंटरनेट जोडताच ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली. खर्च शून्य.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस बसवलं. ते मोफत आहे, त्याचे मेनू मराठीत करता येतात आणि वर्डच्या फाइली ते उघडतं. मर्यादाही आहेत: तक्ते आणि पानांचे तुटे थोडे सरकतात, म्हणून संपादकाला फाइलबरोबर पीडीएफही पाठवावी. क्वचितच वर्ड लागणाऱ्याला ते ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर मोफत वापरता येतं.

ज्या जुन्या लॅपटॉपला मूळ परवानाच नाही, त्यावर लिनक्स मिंट बसवावं. चार जीबी रॅमवर ते चालतं आणि त्यात इनस्क्रिप्ट मराठी कळफलक आहे. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला असल्याने, विंडोज 11 न पेलणाऱ्या यंत्रांनाही हीच वाट आहे. अडचण एकच: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ऑनलाइन पाचशे-हजारात मिळणाऱ्या किल्ल्यांच्या नादी मात्र लागू नये. त्या बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही रद्द होतात.

कायदाही सांगायला हवा. कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 63ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण गुरुजींचं जे गेलं ते दंडाच्या हिशेबात बसणारं नव्हतं. ते आता ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकून ओव्या लिबरऑफिसमध्ये उतरवतात, आणि रविवारी सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवतात. ज्या बायकांची नावं आठवली नाहीत, त्यांच्या ओव्यांपुढे त्यांनी जागा मोकळी सोडली आहे.