गार्ड येत नाहीत, म्हणजे नेमकं काय होतं?

रात्री मागच्या गेटवर कोणीच नव्हतं, लॉबीतला गार्ड खुर्चीत झोपला होता, सकाळचा माणूस साडेनऊला उगवला. असे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरले की ‘एजन्सी बदला’ ही मागणी जोर धरते. कमिटी घाईत नोटीस देते, महिनाभरात नवी एजन्सी येते आणि तीन महिन्यांनी तेच फोटो पुन्हा फिरू लागतात. शर्टाचा रंग तेवढा वेगळा असतो. कारण बहुतेक कमिट्या गैरहजेरी मोजतात, पण ती कुठून येते ते शोधत नाहीत. ते शोधलं की जुनी एजन्सी खरोखर काढायची का हे कळतं, आणि काढायचीच असेल तर हातात भक्कम कागदही असतात.

सुरुवात हिशेबाने करावी. समजा, एका संकुलात सहा पॉइंट आहेत आणि प्रत्येक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रोज बारा माणसं लागतात, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ३६० ड्युट्या झाल्या. आठवड्याची सुट्टी धरली तर एक माणूस महिन्याला साधारण २६ ड्युट्या करतो. ३६० ला २६ ने भागलं की उत्तर जवळपास १४ येतं. बारा जागा अखंड भरलेल्या ठेवायच्या तर एजन्सीच्या पटावर या संकुलासाठी चौदा माणसं हवीत. ती वरची दोन माणसं म्हणजे रिलीव्हर.

प्रत्यक्षात पाठवली जातात बाराच. बारा माणसं मिळून ३१२ ड्युट्या करतात, ४८ उरतात. या ४८ ड्युट्यांचं काय होतं? एक तर जागा रिकामी राहते, नाहीतर रात्रीचाच माणूस सकाळी तिथेच थांबतो. याला गार्डांच्या भाषेत ‘डबल मारणं’ म्हणतात. सलग चोवीस तास उभा असलेला माणूस पहाटे तीनला झोपणार आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडून दांडी मारणार. तेव्हा झोप आणि दांडी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. दोन्ही त्याच ४८ ड्युट्यांतून निघतात. कोणी आजारी पडला नाही, कोणी गावी गेला नाही, असं गृहीत धरून हा आकडा आला आहे. होळी, दिवाळी किंवा निवडणुकीच्या दिवसांत तो आणखी वाढतो.

आता चीड आणणारी गोष्ट. या रिलीव्हरचे पैसे सोसायटी बहुधा आधीच भरत असते. एजन्सीने करारासोबत दिलेला दरपत्रकाचा तक्ता उघडून पाहावा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता, घरभाडे, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, बोनस, गणवेश अशा ओळींनंतर अनेक तक्त्यांत ‘रिलीव्हर चार्जेस’ अशी एक ओळ सापडते, आणि तिथे एक षष्ठांश रक्कम लावलेली असते. सहा दिवसांच्या माणसामागे सातव्या दिवसाचा माणूस, असा तिचा अर्थ. बारा माणसांवर एक षष्ठांश म्हणजे बरोबर दोन माणसं. ही ओळ दरात असेल आणि तरीही गार्ड डबल मारत असतील, तर सोसायटीचा पैसा दुसरीकडे जातो आहे.

दुसरी गडबड कपातीच्या कलमात असते. ‘गार्ड गैरहजर असल्यास त्या दिवसाचे पैसे कापले जातील’ एवढंच बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. वरवर कडक वाटणारं हे कलम एजन्सीला टोचतही नाही. हिशेबापुरता एका जागेचा महिन्याचा दर २४,००० रुपये धरू, म्हणजे एका ड्युटीचे ८००. त्यात एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आठ टक्के असेल, तर तिचं खरं उत्पन्न ड्युटीमागे साठ रुपयांच्याही आत आहे. उरलेली रक्कम वेतन आणि वर्गण्यांची. माणूस आला नाही की तो खर्चही झाला नाही. सोसायटी ८०० रुपये कापून समाधान मानते, एजन्सीचं नुकसान होतं फक्त त्या साठ रुपयांचं. ऐन वेळी रिलीव्हर शोधून, गाडीभाडं देऊन पाठवण्यापेक्षा जागा रिकामी ठेवणं तिला स्वस्त पडतं. म्हणून कपातीवर वेगळा दंड हवा. तो वाजवी मात्र असावा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. एका दांडीला दहा हजार रुपये असा आकडा टाकला तर तो वादात टिकवणं अवघड.

पुरावा कसा गोळा करायचा? ग्रुपवरचे फोटो फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यावर तारीख-वेळ नसते आणि एजन्सीचा फील्ड ऑफिसर ‘तो पाणी प्यायला गेला होता’ म्हणून मोकळा होतो. खरी माहिती मस्टरमध्ये असते. एकच नाव दिवसपाळीत आणि त्याच रात्रीच्या पाळीत आहे का, महिन्याच्या तीसही दिवसांवर कोणाची हजेरी आहे का, पूर्ण आठवड्याच्या सह्या एकाच बैठकीत, एकाच पेनाने केल्यासारख्या दिसतात का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. मग मस्टर आणि गेटच्या सीसीटीव्हीतली पाळी बदलण्याची वेळ ताडून पाहावी. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे हवा तो भाग त्याच आठवड्यात वेगळा साठवावा.

सर्वांत बोलका कागद मात्र तिसराच. एजन्सी दर महिन्याला भविष्यनिर्वाह निधीचं विवरण भरते, ज्याला ईसीआर म्हणतात. त्यात प्रत्येक कामगाराचं नाव, यूएएन क्रमांक, वर्गणी धरलेलं वेतन आणि वर्गणी न लागलेले दिवस असतात. मस्टरवर बारा नावं आणि ईसीआरमध्ये आठच, किंवा नावं बारा पण प्रत्येकासमोर वीस दिवस बिनपगारी दाखवलेले, असं निघालं तर खोट उघडी पडते. तो गार्ड महिनाभर गेटवर उभा होता आणि सरकारदरबारी दहाच दिवस कामावर होता! हा प्रश्न एजन्सी आणि गार्डपुरता राहत नाही. ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर मूळ नियोक्ता म्हणून सोसायटीकडे विचारणा येऊ शकते. दर बिलाबरोबर मागच्या महिन्याचा ईसीआर आणि चलन मागणं हा म्हणूनच सोसायटीचा हक्क आहे.

नोटीस लिहिण्याआधी कमिटीने स्वतःच्या घरातही डोकावावं. गेटवरचा गार्ड जागेवर नसतो कारण कोणीतरी त्याला गाडी पुसायला, सामान वर न्यायला किंवा पंप चालू करायला पाठवलेलं असतं. काही गेटवर बसायला स्टूल नाही, जवळ स्वच्छतागृह नाही. बारा तासांत माणूस जागा सोडणारच. अशा नोंदी यादीतून आधीच काढून टाकाव्यात, कारण एजन्सी उत्तर देताना पहिलं बोट त्यांच्यावर ठेवते आणि मग उरलेली खरी यादीही संशयास्पद ठरते.

पुढची वाट कागदाची आहे. दोन महिन्यांच्या नोंदी तारीख, पॉइंट आणि पाळीनिशी एका पत्रात लिहून सुधारणेसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. एजन्सीच्या माणसाबरोबर बैठक घ्यावी आणि तिच्या इतिवृत्तावर त्याची सही घ्यावी. मुदत संपल्यावरही फरक पडला नाही तर कमिटीच्या सभेत ठराव करावा. नेमणूक सर्वसाधारण सभेने केली असेल तर विषय तिथे न्यावा. नोटीस करारात लिहिलेल्या पत्त्यावर, करारात लिहिलेल्या मार्गानेच जायला हवी. तिच्यात शेवटच्या ड्युटीची तारीख आणि तासही असावा. ‘सकाळी आठ वाजता’ एवढं लिहिल्याने एका रात्रीचा गोंधळ वाचतो. चोरीत सामील, दारुडे असे शब्द सिद्ध करता येत नसतील तर लिहू नयेत. हजेरीचे आकडे पुरेसे असतात.

कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपवण्याचं कलम असेल तर सोसायटीची बाजू बरीच सुरक्षित होते. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात वितरकाचा करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्यासारखा होता. तो चुकीच्या पद्धतीने संपवला गेला असं धरूनही सर्वोच्च न्यायालयाने वितरकपद परत दिलं नाही. भरपाई नोटिशीच्या तीस दिवसांपुरतीच मिळेल, असं सांगितलं. प्रकरण गॅस एजन्सीचं असलं तरी तत्त्व सेवा-करारांनाही उपयोगी पडतं. असं कलम नसेल तर मात्र नोंदींची ती यादीच सोसायटीचा आधार.

खरा धोका नोटिशीनंतरच्या महिन्यात असतो. एजन्सी चांगली माणसं हळूहळू दुसऱ्या साइटवर हलवते आणि नवखे पाठवते. म्हणून नवी एजन्सी ठरवल्याशिवाय नोटीस देऊ नये. नव्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ खालचा चालू परवाना आहे का ते पाहावं. तो पाच वर्षांसाठी मिळतो. नव्या गार्डांनी दोन-तीन दिवस जुन्यांबरोबर काढावेत. चाव्या, बूम बॅरियरचे रिमोट, वॉकीटॉकी, रजिस्टरं यादी करून सहीनिशी ताब्यात घ्यावीत. सीसीटीव्ही आणि गेटवरच्या अ‍ॅपचे पासवर्ड त्याच सकाळी बदलावेत. बदल आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात करावा.

जुन्यांपैकी चार चांगले गार्ड नव्या एजन्सीत यायला तयार असतात. तेही सगळ्या रहिवाशांना ओळखतात, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. फक्त जुन्या करारात माणसं न फोडण्याचं कलम आहे का ते आधी वाचावं. शेवटचं बिल सगळं अडवून ठेवू नये, कारण त्याची झळ गार्डांच्या पगाराला बसते. पगार झाल्याची पोच पाहून तेवढी रक्कम सोडावी आणि उरलेली, शेवटच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरल्याचं चलन आल्यावर द्यावी.

आणि नव्या एजन्सीचं दुसरं बिल मंजूर करण्याआधी तिच्या पहिल्या महिन्याचा ईसीआर समोर ठेवून नावं मोजावीत. सहा पॉइंटच्या संकुलात ती चौदाच्या आसपास नसतील, तर त्याच दिवशी फील्ड ऑफिसरला बोलावून विचारावं.