आगीत दहा लाखांचा माल गेला, हातात पाच लाख का आले?

दुकानाच्या विम्यासाठी दोन कंपन्यांचे दरपत्रक समोर आले की नजर आधी हप्त्यावर जाते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. त्यामुळे या पॉलिसीची मूळ कलमे सर्व कंपन्यांकडे सारखीच असतात. फरक असतो तो शेड्यूलमध्ये, म्हणजे तुमचे नाव, पत्ता आणि रकमा छापलेल्या पानांवर. तुलना तिथूनच सुरू करावी.

समजा, एका कापड दुकानदाराने बँकेकडून वीस लाखांचे कॅश क्रेडिट घेतले आहे. बँकेच्या सांगण्यावरून त्याने मालाचा विमाही वीस लाखांचाच उतरवला. दिवाळीच्या तोंडावर दुकानात चाळीस लाखांचा माल भरलेला असताना आग लागली आणि दहा लाखांचे कापड जळाले. त्याला वाटते, नुकसान विम्याच्या रकमेच्या आत आहे, तेव्हा दहा लाख मिळतील. पण विमा निम्म्याच मालाचा होता, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे पाच लाख. त्यातूनही शेड्यूलमध्ये लिहिलेला ‘एक्सेस’, म्हणजे आपण सोसायचा वाटा, वजा होतो.

दुसऱ्या दरपत्रकात विमा रक्कम छत्तीस लाख असती तर? तूट दहा टक्क्यांची. या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यामुळे एक्सेस सोडून पूर्ण भरपाई मिळाली असती. म्हणून रक्कम ठरवताना कर्जाचा आकडा बाजूला ठेवा आणि वर्षातला सर्वाधिक साठा धरा, तोही खरेदीच्या भावाने. आपला नफा त्यात मोजला जात नाही.

‘अपवाद’ या मथळ्याखालची कलमे सावकाश वाचावीत. रात्री शटर फोडून झालेली चोरी या पॉलिसीत बसत नाही; आग किंवा पुरासारख्या विमित घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी मात्र बसते. शॉर्टसर्किटने जे यंत्र बिघडले त्याची भरपाई नाही, पण त्यातून आग पसरून जळालेल्या मालाची आहे. दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाईही मिळत नाही. घरफोडीचे संरक्षण हवे असेल तर ते वेगळे घ्यावे लागते, आणि ते शेड्यूलवर छापून आले आहे ना, हे स्वतः पाहावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर दावा मंजूर होत नाही.

दाव्याच्या अटींमध्ये लगेच कळवणे आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळका माल न हलवणे महत्त्वाचे. सर्व्हेअर साठ्याचा हिशेब खरेदीची बिले, स्टॉक रजिस्टर आणि जीएसटी विवरणपत्रांवरून लावतो. ही कागदपत्रे दुकानातच असतील तर मालाबरोबर तीही जळतील. त्यांची एक प्रत आजच घरी नेऊन ठेवा.