बुडालेल्या तासाचा मेसेज

वर्गातली चार-पाच मुलं एखाद्या तासाला नसतात. कुणी तापाने आजारी असतं, कुणाची एसटी चुकलेली असते. संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्लाइड्सची पीडीएफ येते आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘आज हे झालं.’ एवढ्याने तास मिळाला असं त्या मुलांना वाटतं, पण हाती आलेल्या असतात फक्त स्लाइड्स. तासात घडलेलं बरंच काही स्लाइडवर नसतं. मॅडमनी फळ्यावर सोडवलेलं गणित, ‘इथे परीक्षेत मार्क जातात’ असं म्हणून दिलेला इशारा, स्लाइडवरची चूक दाखवून सांगितलेला बरोबर आकडा, हे सगळं पीडीएफबाहेर राहतं. गैरहजर मुलांसाठी मेसेज लिहायचा तो या उरलेल्या भागाचा. जे स्लाइडवर आहे, ते पुन्हा टाइप करण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

अकरावी वाणिज्यच्या एका तासाचं उदाहरण घेऊ. विषय घसारा, म्हणजे वापरामुळे आणि काळामुळे मालमत्तेची किंमत दरवर्षी कमी होते ती. समजा, 14 स्लाइड्स आहेत. पहिल्या सहांमध्ये व्याख्या, कारणं आणि दोन पद्धतींची नावं आहेत. सातवीवर गणित आहे: 1 ऑक्टोबर 2023 ला 1,00,000 रुपयांचं यंत्र घेतलं, उभारणीला 10,000 रुपये लागले, घसाऱ्याचा दर 10 टक्के, हिशेब दरवर्षी 31 मार्चला बंद होतात. आठवी आणि नववीवर उत्तरांचे तयार तक्ते. बाकीच्या स्लाइड्सवर नोंदी आणि स्वाध्याय.

मेसेज लिहिणाऱ्याने त्याच दिवशी, वही शेजारी ठेवून, पीडीएफ एकदा चाळावी आणि प्रत्येक स्लाइडला मनातल्या मनात तीनपैकी एक खूण करावी: नुसती वाचली, फळ्यावर समजावली, की तोंडी दुरुस्त केली. नुसत्या वाचलेल्या स्लाइड्स मेसेजमध्ये एका ओळीत संपतात. समजावलेल्या स्लाइडला जागा द्यावी लागते. दुरुस्त केलेली स्लाइड तर सर्वात आधी सांगायला हवी.

आपल्या उदाहरणात ती दुरुस्ती नवव्या स्लाइडवर आहे. ऱ्हासमान शेष पद्धतीच्या तक्त्यात पहिल्या वर्षाचा घसारा 11,000 छापला आहे. पण यंत्र ऑक्टोबरमध्ये घेतलं, म्हणजे पहिल्या हिशेबी वर्षात ते सहाच महिने वापरलं गेलं, म्हणून घसारा 5,500 हवा. मॅडमनी वर्गात हे सांगितलं आणि मुलांनी वहीत खोडून लिहिलं. गैरहजर मुलापुढे मात्र पीडीएफच आहे. तो 11,000 वजा करून शिल्लक 99,000 धरेल. या पद्धतीत पुढच्या वर्षाचा घसारा आधीच्या शिलकीवर निघतो, त्यामुळे त्याचं दुसरं वर्ष 9,900 येईल, तिसरं 8,910. एका आकड्यामुळे पूर्ण तक्ता चुकेल आणि मुलाला वाटेल की आपण स्लाइडप्रमाणेच तर केलं.

या तासाचा मेसेज मी असा लिहीन:

अकाउंट्स, मंगळवार 18 ऑगस्ट, घसारा: दोन पद्धती

आधी दुरुस्ती: स्लाइड 9 वर पहिल्या वर्षाचा घसारा 11,000 आहे, तो 5,500 करा. खालचे आकडेही बदलतील, बरोबर आकडे खाली दिले आहेत.

स्लाइड 1 ते 6 वाचून समजतात. स्लाइड 7 चं गणित फळ्यावर झालं, ते असं:
यंत्राची किंमत 1,00,000 + उभारणी 10,000 = 1,10,000. घसारा या रकमेवर काढायचा.
पहिलं वर्ष (6 महिने): 1,10,000 × 10% × 6/12 = 5,500. दोन्ही पद्धतींत हेच.
स्थिर हप्ता पद्धत: दुसरं वर्ष 11,000, तिसरं 11,000. शेवटी शिल्लक 82,500.
ऱ्हासमान शेष पद्धत: दुसरं वर्ष 1,04,500 च्या 10% = 10,450. तिसरं वर्ष 94,050 च्या 10% = 9,405. शेवटी शिल्लक 84,645.

मॅडम म्हणाल्या: उभारणी खर्च मिळवायला विसरणं आणि महिने न पाहणं, मार्क इथेच जातात.

यंत्र खात्याच्या वहीतल्या पानाचा फोटो खाली आहे.
द्यायचं: स्लाइड 14 चं दुसरं गणित, शुक्रवार 21 ऑगस्टला वहीत.
खात्री नाही: जुनं यंत्र विकलं तर काय, हे पुढच्या तासाला घेणार असं ऐकलं. उद्या विचारून सांगते.

या मेसेजमधल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. पहिल्या ओळीत विषय आणि तारीख आहे, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी ग्रुपमध्ये ‘घसारा’ शोधलं तर टाइप केलेला मजकूर सापडतो. स्लाइडच्या नुसत्या फोटोंतून असं शोधता येत नाही. वही द्यायची तारीख वारासकट आहे, ‘परवा’ असं नाही. आजारी मुलगी मेसेज दोन दिवसांनी उघडते, तेव्हा तिचा ‘परवा’ वेगळा असतो. गुणाकाराला × आहे, चांदणी नाही, कारण व्हॉट्सॲपवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना चांदणी आली की तो ठळक होतो आणि चांदण्या दिसेनाशा होतात. यंत्र खात्याचं पान मात्र टाइप केलेलं नाही. नावे आणि जमा या दोन बाजू मोबाइलच्या अरुंद पडद्यावर विस्कटतात, तिथे वहीचा फोटोच बरा.

शेवटची ‘खात्री नाही’ ही ओळ बरेच जण टाळतात. पण अर्धवट ऐकलेलं पक्कं म्हणून लिहिलं, तर ग्रुपमध्ये तेच खरं ठरतं. वर्गात बसलेला वहीशी ताडून पाहू शकतो, न बसलेल्याला तशी सोय नसते.

पाठवण्याआधी आकड्यांची एक छोटी तपासणी पुरते. घसाऱ्याचे तिन्ही हप्ते मिळवून 1,10,000 मधून वजा करायचे. ऱ्हासमान शेष पद्धतीत 5,500, 10,450 आणि 9,405 मिळून 25,355 होतात आणि उरतात 84,645. शिल्लक जुळली, म्हणजे बेरीज-वजाबाकी ठीक आहे. पण 11,000 चा चुकीचा तक्ताही या तपासणीत जुळतोच, म्हणून तारीख आणि महिने वेगळे पाहावे लागतात. पद्धतींची गल्लत झाली का, हेही एका नजरेत कळतं: पूर्ण वर्षांचे हप्ते सारखे असतील तर स्थिर हप्ता, उतरत गेले तर ऱ्हासमान शेष.

एवढं करूनही चूक राहिलीच, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. पण ज्यांनी तो आधीच वाचून वहीत उतरवला, त्यांना बदल झाल्याची वेगळी सूचना जात नाही. म्हणून आकडा चुकला असेल तर गुपचूप बदलण्यापेक्षा त्याच मेसेजला उत्तर म्हणून ‘दुरुस्ती’ असं लिहून नवा आकडा द्यावा.

मेसेजने काम केलं की नाही, हे नंतर येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. ‘पहिल्या वर्षी 5,500 कसे आले?’ असं कुणी विचारलं, तर सहा महिन्यांची ओळ अजून सोपी करायला हवी होती. ‘स्लाइड 14 च्या गणितात यंत्र 1 जुलैला घेतलंय, मग नऊ महिने धरायचे ना?’ असा प्रश्न आला, तर तास न बसताही त्या मुलापर्यंत पोचला आहे. त्याला एवढंच उत्तर द्यायचं: हो, नऊच.