स्टोअरकीपर पाहिजे, पण नेमका कशासाठी?

भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या अंबड भागातल्या एखाद्या मध्यम कारखान्याची जाहिरात साधारण अशी असते : ‘स्टोअरकीपर पाहिजे. पदवीधर. किमान पाच वर्षांचा अनुभव. एसएपी, टॅली व एक्सेलचे उत्तम ज्ञान. इंग्रजी अस्खलित. जीएसटीची माहिती. स्वतःची दुचाकी. मेहनती, प्रामाणिक, दडपणाखाली काम करण्याची तयारी.’ जाहिरात नमुन्यादाखल रचलेली आहे, पण नोकरी शोधणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. तिच्यात माणूस कसा हवा याबद्दल नऊ-दहा गोष्टी आहेत. त्याने सकाळी येऊन काय करायचं, याबद्दल एकही नाही.

अशी यादी कुणी एका बैठकीत विचार करून लिहीत नाही, ती साचत जाते. मागच्या वेळची जाहिरात काढली जाते. मालक म्हणतात, पदवीधर घ्या. हिशेबनीस जीएसटी घालतो, प्रॉडक्शन मॅनेजर पाच वर्षं घालतो, आणि कुणीतरी शेजारच्या मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतून एसएपी उचलतो, कारखान्यात टॅलीशिवाय दुसरं काही नसलं तरीही. अट घालायला कुणाची परवानगी लागत नाही. काढायला मात्र कुणी पुढे येत नाही.

ही गाठ सोडवायची तर अटींकडे आधी बघायचंच नाही. आधी काम लिहायचं, आणि तेही आठवणीतून नव्हे. सध्याचा स्टोअरकीपर अजून कामावर असेल तर त्याच्यासोबत दोन-चार दिवस बसावं, त्यातला एक दिवस महिनाअखेरचा असावा. तसं केलं की कागदावर साधारण असं उतरतं. गाडी आली की पुरवठादाराचं चलन आणि आपली पर्चेस ऑर्डर ताडून बघणे, माल मोजून किंवा वजन करून उतरवून घेणे, तपासणी होईपर्यंत तो वेगळा ठेवणे आणि मग आवक नोंदवणे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत जीआरएन करणे. शॉपकडून स्लिप आली की माल देणे, जुना माल आधी जाईल हे पाहणे, बिन कार्डावर शिल्लक लिहिणे. महिनाअखेरीला रॅकवरचा माल मोजून टॅलीतल्या आकड्याशी जुळवणे आणि फरक असेल तर त्याचं कारण शोधणे. कधीमधी ई-वे बिल बनवणे. पंधरवड्यातून एकदा बँकेत किंवा कुरिअरच्या ऑफिसात जाऊन येणे.

इथे लिहिण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. ‘स्टोअरची जबाबदारी सांभाळणे’ या ओळीतून कुणालाच काही कळत नाही. ‘आलेला माल त्याच दिवशी मोजून नोंदवणे’ असं लिहिलं की काम झालं की नाही हे तपासता येतं. सात-आठ ओळींत पद मावत नसेल, तर बहुधा दोन माणसांचं काम एकाच्या गळ्यात पडणार असतं, आणि ते जाहिरात देण्याआधीच कळलेलं बरं.

यादी झाली की तिचे दोन भाग करायचे : ज्या कामासाठी हे पद आहे ते, आणि ज्याची आपली सोय म्हणून भर पडली आहे ते. अमेरिकेत अपंगांना नोकरीत भेदभाव सोसावा लागू नये म्हणून 1990 मध्ये कायदा झाला, त्यात हीच विभागणी मध्यवर्ती आहे. पदाची मूलभूत कामं अपंग उमेदवाराला, वाजवी सोय करून देऊन, जमत असतील, तर किरकोळ कामं जमत नाहीत म्हणून त्याला डावलता येत नाही. जाहिरात देण्याआधी किंवा मुलाखती घेण्याआधी तयार केलेलं कामाचं लेखी वर्णन हा कोणती कामं मूलभूत आहेत याचा पुरावा मानला जाईल, असंही हा कायदा सांगतो. ‘आधी’ या अटीमागे शहाणपण आहे. उमेदवार बघून झाल्यावर लिहिलेलं वर्णन कुणासाठीही मापून कापता येतं.

आपल्या स्टोअरकीपरला हा निकष लावला तर आवक, जावक आणि शिल्लक ही तीन कामं गाभ्याची ठरतात. ती काढली तर पदच उरत नाही. बँकेची फेरी काढली तर पद जसंच्या तसं राहतं, फेरी दुसरा कुणी मारेल. म्हणजे ‘स्वतःची दुचाकी’ ही अट ज्या कामावर उभी होती तेच किरकोळ निघालं. त्या एका ओळीने मात्र बसने किंवा कंपनीच्या गाडीने येणारे कितीतरी लोक, विशेषतः बायका, अर्ज करण्याआधीच बाहेर पडल्या असत्या.

आता आवश्यक अटी. अट आणि काम यांचा धागा तुटला की काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातलं आहे. ड्यूक पॉवर या कंपनीच्या डॅन रिव्हर वीज केंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त ‘लेबर’ विभागात घेतलं जाई, आणि तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. 1955 मध्ये कंपनीने इतर विभागांसाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली. भेदभावाला बंदी करणारा कायदा जुलै 1965 मध्ये लागू झाला, त्याच दिवशी या विभागांत नव्याने नेमल्या जाणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्यांची भर पडली. अटी वरवर सगळ्यांना सारख्या होत्या. प्रत्यक्षात 1960 च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष 34 टक्के होते आणि कृष्णवर्णीय पुरुष 12 टक्के.

कामगार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1971 मध्ये एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातला एक तपशील भरती करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. अट येण्याआधी लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कर्मचारी त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते आणि बढत्याही घेत होते. म्हणजे अटीची गरज नाही याचा पुरावा कंपनीच्याच हजेरीपटावर होता. कंपनीचा हेतू काय होता याने न्यायालयाचं समाधान होणार नव्हतं, त्या अटीचा त्या कामाशी संबंध दाखवणं भाग होतं, आणि तो दाखवता आला नाही.

हे सगळं फक्त जुन्या काळातलं असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 2017 च्या एका अहवालात अमेरिकेतल्या प्रॉडक्शन सुपरवायझरच्या जाहिरातींचा हिशेब आहे. 2015 मध्ये अशा 67 टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती. ते काम प्रत्यक्ष करत असलेल्यांपैकी पदवीधर होते 16 टक्के.

तेव्हा प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारायचे. ही अट कामाच्या यादीतल्या कोणत्या ओळीसाठी आहे? आज हे काम नीट करणाऱ्याकडे ती आहे का? आणि ती नसलेला, पण बाकी सगळ्यात उत्तम असा उमेदवार समोर बसला तर त्याला आपण खरंच परत पाठवू का? तिसऱ्या प्रश्नाला जरा लाजत ‘नाही, घेऊ’ असं उत्तर आलं, तर ती अट आवश्यक नव्हे.

नमुन्यातल्या जाहिरातीचं यात काय उरतं ते पाहू. पदवी पहिल्याच प्रश्नाला गळते. अस्खलित इंग्रजीच्या जागी खरी गरज निघते ती इंग्रजीतलं चलन आणि पर्चेस ऑर्डर वाचता येण्याची. टॅलीतल्या नोंदी इथे रोज करायच्या, पण त्या दोन आठवड्यांत शिकवता येतात आणि शिकवायला हिशेबनीस आहे. मग टॅली ‘असल्यास उत्तम’मध्ये जातं. शिकवायला कुणी नसेल, तर तेच टॅली आवश्यक होतं. अटीची जागा कारखान्यागणिक बदलते ती अशी. पाच वर्षांचा अनुभव हा तर आकड्याआड लपलेला अंदाज आहे. मॅनेजरच्या मनात होतं ते एवढंच, की माणसाने एखादी वार्षिक मोजणी स्वतः पार पाडलेली असावी. तसंच लिहावं. मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द सरळ कापावेत. त्यांनी आजवर एकही आळशी माणूस अर्ज करायचा थांबलेला नाही.

काही अटींना मात्र हे प्रश्न लागू होत नाहीत. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट, ट्रकवर अवजड वाहनाचा परवाना असलेला चालक, बॉयलरवर प्रमाणपत्रधारक अटेंडंट, हे कायद्याने ठरलेलं आहे. त्यांना आवश्यक अटींत वेगळं ठेवावं, म्हणजे आपल्या आवडीनिवडी त्यांच्या आडोशाने आत शिरणार नाहीत.

‘असल्यास उत्तम’ म्हणजे सरकारी जाहिरातींतलं ‘प्राधान्य’. ते लिहितो कुणीही, पण त्याचा अर्थ आधी ठरवून ठेवत नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अन्न व औषध प्रशासनातल्या सहायक आयुक्त (औषधे) आणि औषध निरीक्षक या पदांसाठी दिलेल्या जाहिरातींवरून असाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. औषधांच्या उत्पादनातला किंवा चाचणीतला अनुभव आवश्यक होता, आणि संशोधनाचा अनुभव असणाऱ्यांना प्राधान्य होतं. मग फक्त संशोधनाचा अनुभव असलेला उमेदवार पात्र धरायचा का? मे 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नाही. आवश्यक ते सगळं असून वर संशोधनही असेल, आणि बाकी बाबी सारख्या असतील, तरच प्राधान्याचा प्रश्न येतो. ते आवश्यक अटीची जागा घेऊ शकत नाही. पदाला आवश्यक काय, हे ठरवण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याचा आहे, न्यायालयाचा नाही, असंही निकालात आहे.

खासगी कारखान्यात इतकं प्रकरण तापत नाही, पण घोटाळा त्याच जातीचा होतो. अर्ज शंभरावर आले की चाळणारा माणूस ‘असल्यास उत्तम’चीच चाळणी करतो आणि टॅली न येणारे सगळे बाजूला काढतो. त्यात वार्षिक मोजण्या केलेली, माल हाताखालून गेलेली माणसंही जातात. म्हणून अर्ज उघडण्याआधी लिहून ठेवावं लागतं : पहिली चाळणी फक्त आवश्यक अटींवर, आणि ‘असल्यास उत्तम’ शेवटच्या दोघा-तिघांत निवड अडली तरच.

आता जाहिरात अशी होते : ‘आलेला माल त्याच दिवशी मोजून नोंदवणे, स्लिपवर माल देणे, महिनाअखेरीला शिल्लक जुळवणे, ही मुख्य कामे. आवश्यक : इंग्रजीतील चलन व पर्चेस ऑर्डर वाचता येणे, किमान एका वार्षिक मोजणीत प्रत्यक्ष जबाबदारी घेतलेली असणे. असल्यास उत्तम : टॅली, ई-वे बिल, दोन्ही इथे शिकवले जाईल.’ खाली पगार आणि कामाची वेळ.

मुलाखतही मग सोपी होते. टेबलावर 500 नगांची पर्चेस ऑर्डर, 500 नगांचं चलन आणि 480 नग भरलेली पेटी ठेवायची. काम जाणणारा माणूस मोजल्याशिवाय सही करत नाही. कमी आलेले 20 नग तो चलनावरच लिहितो, गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरची त्यावर सही घेतो आणि आवक 480 चीच नोंदवतो.